अपील, रिव्ह्यू की रिव्हिजन: आधी हातातला कागद बघा

प्रश्न: वडिलांचा बांधाचा दावा तासगाव कोर्टात ५ जानेवारी २०२६ ला फेटाळला. ७ ला नकलेला अर्ज केला, २७ ला नक्कल हातात आली. निकालपत्रात आमचा गट नंबर चुकलाय, सर्व्हेअरचा जबाब मानला नाही, आणि आता माळ्यावर १९७४ चा मोजणी नकाशा सापडलाय. वकील अपील म्हणतात, गावातले एकजण म्हणतात रिव्ह्यू स्वस्तात होईल, एका पाहुण्यांनी रिव्हिजन सांगितलंय. नक्की काय करायचं?

उत्तर:

अपील करा, जिल्हा न्यायालयात, सांगलीला. आणि २७ तारखेपासून दिवस मोजत बसला असाल तर आधी ते थांबवा, कारण तिथेच बहुतेकांचा घोळ होतो. त्याचा हिशोब पुढे करून दाखवतो.

आधी हे तीन शब्द जरा सुटे करून घेऊ. अपील म्हणजे वरच्या कोर्टाने निकाल पुन्हा तपासणं, रिव्ह्यू म्हणजे त्याच कोर्टाने आपलाच निकाल पुन्हा बघणं, आणि रिव्हिजन म्हणजे खालच्या कोर्टाने अधिकार नीट वापरला का एवढंच हायकोर्टाने बघणं. पारावरची चर्चा ऐकली की लोकांचा समज असा दिसतो की चूक मोठी असेल तर अपील, मधली असेल तर रिव्हिजन आणि बारकी असेल तर रिव्ह्यू. तसं अजिबात नाहीये. कोर्टाने किती चुकीचं केलं यावर रस्ता ठरत नाही, तुमच्या हातात कोर्टाने कुठला कागद दिलाय त्यावर ठरतो. हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा शेवटचा निर्णय, आहे का नुसता आदेश, आदेश असेल तर कुठल्या अर्जावरचा, एवढं आधी बघायचं. तुमच्या हातात दावा पूर्ण चालून फेटाळल्याचा हुकूमनामा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली त्याच्यावर पहिलं अपील होतं आणि ज्युनिअर डिव्हिजनच्या, म्हणजे तालुक्याच्या खालच्या दिवाणी कोर्टाच्या, हुकूमनाम्याचं अपील जिल्हा न्यायालयातच जातं. एकदा अपील होतं म्हटलं की रिव्हिजनचा विषय तिथेच संपला, कारण कलम ११५ ची सुरुवातच मुळी ज्या निर्णयावर अपील होत नाही अशा निर्णयापासून आहे. पाहुण्यांना नमस्कार सांगा आणि तो सल्ला बाजूला ठेवा. पण ते बिचारे अगदीच हवेत बोलत नसतील, त्यांच्या एखाद्या मॅटरमध्ये रिव्हिजन झालेलीच असेल, ती कधी होते ते शेवटाकडे सांगतो.

आता तुमच्या तीन तक्रारी. मजा अशी की तिन्ही तक्रारींना कायद्यात तीन वेगळी दारं आहेत, आणि तरी तुम्ही एकाच दारातून आत जायचंय.

पहिली, गट नंबर चुकला. टायपिंगची किंवा बेरजेची चूक असेल तर कलम १५२ खाली त्याच कोर्टात साधा दुरुस्तीचा अर्ज चालतो, कधीही करता येतो, त्याला अपील नको की रिव्ह्यू नको. पण मला सांगा, दावा फेटाळलाय तर त्या गट नंबरचं तुम्ही करणार काय? दावा मंजूर झाला असता आणि दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावून बेलीफ जागेवर न्यायचा असता तर चुकलेल्या नंबरने तुमचं वाटोळं झालं असतं, म्हणजे बेलीफ कागद बघून म्हणाला असता की हा गट इथला नाहीच. इथे तशी अंमलबजावणीच नाही. म्हणून फक्त एवढं तपासा की तो चुकीचा नंबर निकालपत्रात कुठे कुठे आलाय. नुसता वर्णनात आला असेल तर सोडून द्या, अपील मेमोत एक ओळ टाका. पण साहेबांनी त्या चुकीच्या नंबरचा सातबारा धरून क्षेत्राची तुलना केली असेल तर मग ती टायपिंगची चूक राहत नाही, कारणमीमांसाच चुकली, आणि तो अपिलाचा चांगला मुद्दा झाला. आणखी एक, चूक तुमच्याच दावाअर्जात नव्हती ना ते पण बघून घ्या, हसू नका, मी तीन-चारदा बघितलंय.

दुसरी, सर्व्हेअरचा जबाब मानला नाही. इथे रिव्ह्यू आणि अपिलातला फरक सगळ्यात नीट कळतो. समजा निकालपत्रात असं लिहिलंय की वादीने मोजणी नकाशा दाखलच केला नाही, आणि प्रत्यक्षात तो नकाशा निशाणी ३८ ला आहे, सर्व्हेअरचा जबाब निशाणी ५२ ला आहे. ही चूक कशी आहे, फाईल उघडली, पान उलटलं, बोट ठेवलं, झालं. समोरच्या वकिलाला त्यावर बोलायला जागाच नाही. याला रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक म्हणतात आणि ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४७ खाली रिव्ह्यूत चालते. आता दुसरं समजा, निकालपत्रात लिहिलंय की निशाणी ३८ चा नकाशा बघितला पण सर्व्हेअरने उलटतपासात कबूल केलं की मोजणीच्या वेळी बांधावरचा जुना दगड सापडला नव्हता, त्यामुळे नकाशावर विसंबता येत नाही. हे मत चुकीचं असू शकतं, अगदी साफ चुकीचं असू शकतं, पण ते चुकीचं आहे हे दाखवायला तुम्हाला जबाबाचे परिच्छेद वाचावे लागणार, दुसऱ्या खुणा दाखवाव्या लागणार, समोरचा त्याला उत्तर देणार. जिथे वाद घालून चूक सिद्ध करावी लागते तिथे रिव्ह्यू संपला आणि अपील सुरू झालं. सुप्रीम कोर्टाने पारसन देवी विरुद्ध सुमित्री देवी या १९९७ च्या निकालात हेच सांगितलंय की रिव्ह्यूचा अर्ज हा वेष बदलून आलेलं अपील होऊ शकत नाही. तुम्ही "जबाब मानला नाही" असं लिहिलंय, म्हणजे वाचला पण पटला नाही. हे अपीलच.

रिव्ह्यू त्याच कोर्टापुढे असतो, शक्य असेल तर त्याच न्यायाधीशांपुढे. लोकांना वाटतं बदलीत साहेब बदलले की नवीन साहेब नव्या नजरेने बघतील. नवीन साहेब अर्ज ऐकू शकतात, पण त्यांना पण तीच चौकट, मागच्या साहेबांचं मत मला पटत नाही एवढ्यावर ते निकाल फिरवू शकत नाहीत. आणि अजून एक गैरसमज, सहा महिन्यांनी वरच्या कोर्टाने दुसऱ्या कुणाच्या तरी केसमध्ये कायद्याचा अर्थ वेगळा लावला म्हणून आपला जुना निकाल रिव्ह्यूत उघडता येतो, तर तसंही नाही, ऑर्डर ४७ रूल १ च्या खाली स्पष्टीकरणात ते स्वच्छ लिहिलंय.

तिसरी तक्रार, म्हणजे १९७४ चा नकाशा. हा तुमचा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा दिसतोय आणि गावातल्या माणसाने रिव्ह्यू सुचवला तो बहुधा यामुळेच. नवीन महत्त्वाचा पुरावा सापडणं हे रिव्ह्यूचं कारण आहे, बरोबर. पण कायदा नुसतं "सापडला" म्हणत नाही. पुरेशी काळजी घेऊन, शोधाशोध करून सुद्धा तो पुरावा तेव्हा माहीत नव्हता किंवा हजर करता आला नाही असं लागतं, आणि ते कडक पुराव्याने सिद्ध करावं लागतं, कोर्टाने नुसत्या शपथपत्रावर हो म्हणायचं नाही. आता तुमच्या समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल? माळा कुणाचा? तुमचाच. दावा किती वर्षं चालला? मग एवढ्या वर्षांत स्वतःच्या घराचा माळा बघितला नाही? तुम्ही म्हणाल वडिलांना आठवलं नाही, आजोबांनी ठेवला होता. खरं असेल हो, पण याला काळजी घेतली म्हणत नाहीत. आणि मोजणी नकाशा हा सरकारी कागद आहे, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात त्याचं रेकॉर्ड असायला पाहिजे, तिथे नकलेला अर्ज केला होता का हा दुसरा प्रश्न येणारच. नोंदलेली खरेदीखतं, वाटणीपत्रं यांचं पण तसंच, दुय्यम निबंधकाकडे शोध घेतला असता तर मिळालं असतं असं कोर्ट सरळ म्हणतं.

मात्र दावा चालू असताना तुम्ही भूमी अभिलेखकडे अर्ज केला असेल आणि त्यांनी "सदर अभिलेख आढळून येत नाही" असं लेखी उत्तर दिलं असेल, तर ते उत्तर आत्ता सोन्याचं आहे. ते शोधा. माळ्यावर चढलाच आहात तर तेही बघा. त्या एका कागदाने तुमची बाजू "आम्हाला सुचलं नाही" वरून "आम्ही शोधलं, सरकारनेच नाही म्हणून सांगितलं" इथे जाते.

आणि आता माझं म्हणणं नीट ऐका, हा नकाशा अपिलात सुद्धा देता येतो. ऑर्डर ४१ रूल २७ मध्ये अपील कोर्टापुढे जादा पुराव्याचा अर्ज आहे. तिथे एक कारण रिव्ह्यूसारखंच आहे, काळजी घेऊनही देता आला नाही हे. पण शिवाय आणखी एक वाट आहे जी रिव्ह्यूत नाही, म्हणजे अपील कोर्टाला स्वतःलाच निकाल द्यायला तो कागद लागतोय असं वाटलं तर ते घेऊ शकतं. बांधाच्या भांडणात पन्नास वर्षांपूर्वीची सरकारी मोजणी पुढे आली आणि ती आजच्या निशाणी ३८ च्या नकाशाशी जुळली तर कोर्टाला ती बघावीशी वाटू शकते. वाटेलच असं मी म्हणत नाही, वकिलाच्या राहून गेलेल्या गोष्टी भरून काढायला हा रूल नाही असं पण कोर्ट नेहमी सांगतं. तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ताब्यातून आला तर त्यावरच्या सह्या खऱ्या धरायची मुभा कोर्टाला आहे, त्याचा फायदा मिळेल. तरी मी तुमच्या जागी असतो तर माळ्यावरची मूळ प्रत तशीच जपून ठेवली असती, लॅमिनेशन बिलकुल करायचं नाही, आणि आजच भूमी अभिलेखकडे त्याच्या मोजणी रजिस्टर नंबरवरून सही शिक्क्याच्या नकलेचा अर्ज टाकला असता. दोन्ही जुळल्या तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

म्हणजे बघा, रिव्ह्यूत जे एक मागता आलं असतं ते अपिलात मागता येतंच, वर सर्व्हेअरचा जबाब, कारणमीमांसा, कायद्याचे मुद्दे सगळं उघडतं. पहिलं अपील म्हणजे अख्खा दावा पुन्हा तपासणं, वस्तुस्थिती पण आणि कायदा पण. रिव्ह्यू म्हणजे खिडकीतून एक कागद आत सरकवणं.

मग रिव्ह्यू करायला काय हरकत आहे, तो फेटाळला तर मग अपील करू, असं पुष्कळ जण म्हणतात. इथे खरी खोच आहे. रिव्ह्यूची मुदत ३० दिवस, जिल्हा न्यायालयातल्या अपिलाची मुदत पण ३० दिवस, आणि दोन्ही एकाच दिवसापासून चालू होतात. रिव्ह्यू दाखल केला म्हणून अपिलाचं घड्याळ थांबत नाही. रिव्ह्यू फेटाळला तर त्या फेटाळण्यावर अपील होत नाही, ऑर्डर ४७ रूल ७ मध्ये तसं आहे, आणि दुसरा रिव्ह्यू पण नाही. म्हणजे तुम्हाला परत ५ जानेवारीच्या मूळ हुकूमनाम्यावरच अपिलात जावं लागणार, आणि तोपर्यंत मुदत कधीच उलटून गेलेली असणार.

सात-आठ वर्षांपूर्वी शिराळ्याकडचे एक काका माझ्याकडे आले होते. त्यांच्याविरुद्ध ताबा देण्याचा हुकूमनामा झाला होता. आधीच्या वकिलांनी वेळेत, विसाव्या-बाविसाव्या दिवशी रिव्ह्यू टाकला होता, काका निर्धास्त. तारखा पडत गेल्या, नऊ महिन्यांनी रिव्ह्यू फेटाळला. तोवर समोरच्याने दरखास्त लावली होती, कारण रिव्ह्यू टाकला म्हणून हुकूमनाम्याला आपोआप स्टे मिळत नाही, अपील टाकून पण मिळत नाही, तो वेगळा मागावा लागतो. बेलीफ दारात आला तेव्हा काका माझ्याकडे. मग आठ महिन्यांच्या विलंबाचा माफीअर्ज, त्याच्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यावर युक्तिवाद, मुदत कायद्याच्या कलम ५ खाली कोर्टाला पटलं म्हणून खर्चावर विलंब माफ झाला, पण त्यात वर्ष गेलं आणि त्या वर्षात काका निम्मे झाले. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वगळायची सोय मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, पण रिव्ह्यूचं कोर्ट चुकीचं नव्हतंच, त्याला अधिकार होता, म्हणून त्या कलमावर भरवसा ठेवू नका. विलंब माफ करणं कोर्टाच्या हातात, तुमच्या हक्काचं नाही. स्वस्तातला रिव्ह्यू असा महागात पडतो.

उलट बाजूने पण रस्ता बंद आहे, हे लक्षात ठेवा. तुम्ही एकदा अपील दाखल केलं की नंतर त्याच निकालावर तुम्हाला रिव्ह्यू करता येत नाही. आधी रिव्ह्यू आणि मग मुदतीत अपील असं दोन्ही टाकता येतं, पण अपिलाचा निकाल आधी लागला तर रिव्ह्यू आपोआप संपतो आणि रिव्ह्यू आधी मंजूर झाला तर जुना हुकूमनामाच राहत नाही म्हणून अपिलाला अर्थ उरत नाही. वर सांगितलेली "नकाशा दाखलच नाही" टाईपची उघड चूक असेल आणि फक्त तेवढीच असेल तर मी कधीकधी असं दुहेरी करतो. तुमच्या केसमध्ये कारण दिसत नाही.

आता तारखांचा हिशोब. निकाल ५ जानेवारीचा, तो दिवस मोजायचा नाही, ६ पासून ३० दिवस धरले की ४ फेब्रुवारी येते. त्यात नकलेला लागलेला वेळ मिळवायचा. पण हा वेळ नकलेचा अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा असतो, तुम्ही जाऊन घेऊन आलात तोपर्यंतचा नव्हे. नकलेच्या मागे शिक्का असतो, त्यात अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. तुम्ही २७ सांगताय ती दिल्याची तारीख. समजा तयार झाल्याची तारीख २१ आहे, तर ७ ते २१ दोन्ही दिवस धरून १५ दिवस मिळतात, म्हणजे ४ फेब्रुवारी अधिक १५, आली १९ फेब्रुवारी. २७ धरून मोजलं असतं तर २५ फेब्रुवारी आली असती आणि तुम्ही सहा दिवस वेळ आहे म्हणून आरामात बसला असता. १९ ला शिवजयंतीची सुट्टी, कोर्ट बंद, मग कोर्ट उघडेल त्या दिवशी म्हणजे शुक्रवारी २० ला दाखल केलं तरी मुदतीत धरतात. हे झालं कागदावरचं गणित. शिक्क्यावर २१ च्या ऐवजी १६ असेल तर अजून पाच दिवस कमी करा, तेव्हा आधी नक्कल उलटी करून बघा आणि काही झालं तरी शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयाच्या फाईलिंगच्या खिडकीवर एखादी त्रुटी निघाली की दिवस हातातून जातो.

रिव्हिजनचं आता. दाव्याच्या मधल्या टप्प्यावर काय काय आदेश होतात ते धरून सांगतो, म्हणजे पाहुण्यांनी काय बघितलं असेल ते कळेल. बांधाच्या दाव्यात प्रतिवादी बऱ्याचदा ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज देतो, की दावा मुदतबाह्य आहे, दावाअर्जच नामंजूर करा. हा अर्ज मंजूर झाला तर दावाअर्ज नामंजूर होतो, आणि कायद्याने तोही हुकूमनामाच समजला जातो, म्हणून वादीने अपील करायचं. पण अर्ज फेटाळला तर? तो नुसता आदेश, त्यावर अपील नाही. आता कलम ११५ ची कसोटी लावायची, हा आदेश रिव्हिजन करणाऱ्याच्या बाजूने झाला असता तर दावा तिथेच कायमचा संपला असता का? हो, संपला असता. म्हणून प्रतिवादीला हायकोर्टात रिव्हिजन करता येते. एकाच अर्जावरचा आदेश, इकडे गेला तर अपील, तिकडे गेला तर रिव्हिजन.

आता हीच कसोटी दावाअर्जात दुरुस्ती मागणाऱ्या अर्जाला लावून बघा. समजा मधे तुम्ही दावाअर्जात आणखी तीन गुंठ्यांचं अतिक्रमण घालायला अर्ज दिला आणि तो फेटाळला. मंजूर झाला असता तर दावा संपला असता का? नाही, उलट वाढला असता. म्हणून रिव्हिजन नाही. अपील पण नाही. १ जुलै २००२ च्या आधी असल्या मधल्या आदेशांवर पण रिव्हिजन होत होती, "न्यायाचं नुकसान होईल" एवढं म्हटलं की चालायचं. मी १९९८ ला सनद घेतली तेव्हा सीनिअरच्या ऑफिसात अशा रिव्हिजनची फाईलच वेगळी होती, एका दुरुस्ती अर्जासाठी दावा मुंबईच्या स्टेवर वर्षानुवर्षं लटकलेला असायचा. म्हणून ती सोय काढली. आता असल्या आदेशाविरुद्ध घटनेच्या कलम २२७ खाली रिट पिटिशन करतात, पण तिथे हायकोर्ट अपिलासारखं सगळं तपासत नाही, खालच्या कोर्टाने अधिकाराच्या बाहेर जाऊन काही केलंय का तेवढंच बघतं. तुमचा असा दुरुस्ती अर्ज फेटाळला गेला असेल आणि तेव्हा रिट केली नसेल तरी सगळं गेलं असं नाही, कलम १०५ प्रमाणे तो आदेश तुम्ही आत्ता हुकूमनाम्याच्या अपिलातच एक मुद्दा म्हणून आव्हानात घेऊ शकता, जर त्याचा निकालावर परिणाम झाला असेल तर. वकिलांना हे जरूर विचारा, मेमो घाईत लिहिताना हेच राहतं.

तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे दावा चालू असेपर्यंत समोरच्याला अडवणारा, आदेश मात्र वेगळा, तो मिळो किंवा फेटाळो, ऑर्डर ४३ खाली त्यावर जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील होतं. तिथून वर दुसरं अपील नाही, गेलंच तर २२७.

रिव्हिजन मिळाली तरी तिच्यात काय बघतात हे पण सांगतो, नाहीतर लोक तिला छोटं अपील समजतात. खालच्या कोर्टाने नसलेला अधिकार वापरला, असलेला वापरला नाही, किंवा वापरताना बेकायदेशीर किंवा गंभीर अनियमित रीतीने वागलं, एवढंच. साक्षीदार खरा का खोटा हा तिथला विषयच नाही. मुदत ९० दिवस, आणि दाखल केली म्हणून खालचा दावा थांबत नाही. एक बरं झालंय, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला चालू झालं, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या रिव्हिजन, रिट आणि दुसरी अपिलं आता तिकडे. मुंबईची रात्रीची गाडी पकडायचा त्रास गेला.

दुसऱ्या अपिलावर फार लिहीत नाही, एवढंच की जिल्हा न्यायालयात हरलात तर कलम १०० खाली जाता येतं पण फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर. बांध कुठे होता, दगड कुठे होता, हे तिथे कुणी ऐकणार नाही. सर्व्हेअरचा जबाब खोलून वाचायची शेवटची जागा म्हणजे सांगलीतलं हे पहिलं अपील, म्हणून मेमोत "निकाल चुकीचा व बेकायदेशीर आहे" अशी ठरलेली दहा वाक्यं टाकून सही करू नका. निशाणी ५२ च्या कुठल्या परिच्छेदात सर्व्हेअरने काय सांगितलं आणि निकालपत्राच्या कुठल्या परिच्छेदात ते कसं घेतलं, असं समोरासमोर लिहायला सांगा.

अजून एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण तुमच्यासाठी आज तातडीची तीच आहे. दाव्यात तुम्हाला तूर्तातूर्त मनाई मिळालेली असेल तर दावा फेटाळल्याबरोबर ती पण संपली. शेजाऱ्याला आता अडवणारा एकही आदेश नाहीये. अपील दाखल केलं म्हणून ती परत जिवंत होत नाही, अपिलासोबत जिल्हा न्यायालयात मनाईचा नवीन अर्ज द्यावा लागतो आणि त्यात आजची जागेवरची परिस्थिती दाखवावी लागते. बांधावर आत्ता काय आहे, त्याच्या बागेचे अँगल कुठपर्यंत आलेत, त्याने नवीन चर मारलाय का, ड्रिपची पाईप टाकलीय का, हे सगळं तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा, शक्यतो उद्या सकाळीच, आणि वडिलांना म्हणावं फोटो काढायला जाताना कुणाशी शब्दाला शब्द वाढवू नका, नाहीतर दिवाणी मॅटरला फौजदारीची शेपटी लागते. फोटो, नकलेची मागची बाजू, भूमी अभिलेखचं उत्तर सापडलं तर ते आणि नकाशाची झेरॉक्स एवढं घेऊन वकिलांकडे जा. मूळ नकाशा घरीच राहू दे.